कानामागचे यंत्र की कानातले?

सूरजागडच्या डोंगरातील खाणीवर यंत्रांच्या सान्निध्यात काम करणारा चालक असो, एटापल्लीच्या बाजारात नातवाचा हात धरून आलेली वृद्ध आजी असो, किंवा लहानपणापासून कान वाहण्याचा विकार असलेला आश्रमशाळेतील विद्यार्थी असो, या तिघांनाही कमी ऐकू येते एवढ्यावरून तिघांना एकाच जातीचे श्रवणयंत्र चालेल असे मानणे ही एक फार मोठी आणि दुर्दैवाने फार प्रचलित अशी चूक आहे. कानाचे मशीन घ्यावयाचे ठरले की बहुतेक कुटुंबांत पहिला प्रश्न निघतो तो यंत्र दिसेल की नाही याचा. आणि मग जे सर्वांत लहान, जे कानाच्या आत दडून जाते, तेच सर्वांत उत्तम अशी समजूत करून घेऊन मनुष्य पैसे भरतो. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे की, वाचकाला हातात आलेले यंत्र कोणत्या जातीचे आहे हे स्वतः ओळखता यावे, आणि आपल्या किंवा आपल्या वडीलधाऱ्यांच्या कानाला त्यांपैकी कोणते मानवेल याचा निर्णय तज्ज्ञासमोर बसून समजून-उमजून घेता यावा.

यंत्र कसे ओळखावे

कोणत्याही श्रवणयंत्रात तीन मुख्य भाग असतात. बाहेरचा आवाज घेणारा मायक्रोफोन, तो आवाज त्या त्या माणसाच्या गरजेप्रमाणे वाढविणारा भाग, आणि वाढलेला आवाज कानात सोडणारा छोटा स्पीकर, ज्याला या धंद्यातील लोक रिसिव्हर म्हणतात. यांना शक्ती पुरविणारा सेल हा चौथा. यंत्राची जात ओळखण्यासाठी त्याचा आकार किंवा रंग पाहण्याऐवजी मायक्रोफोन कोठे आहे आणि रिसिव्हर कोठे आहे, हे दोनच प्रश्न विचारावेत. बाकीचा भेद या दोन उत्तरांतून आपोआप उलगडत जातो.

पहिली आणि सर्वांत जुन्या वळणाची कानामागची जात म्हणजे साच्याचे यंत्र. केळीच्या आकाराची एक छोटी डबी कानाच्या पाळीमागे बसते, तिच्या टोकाला वाकडा हूक असतो, हुकाला पारदर्शक जाडसर नळी जोडलेली असते आणि त्या नळीचे दुसरे टोक कानाच्या आकाराप्रमाणे बनविलेल्या साच्यात शिरते. या यंत्रात मायक्रोफोन, रिसिव्हर आणि सेल हे तिन्ही कानामागच्या डबीतच असतात. कानात जातो तो केवळ साचा, आणि त्यात विजेचा कोणताही भाग नसतो. साचा नळीसह डबीपासून सुटा करून साबणाच्या कोमट पाण्याने धुता येतो, हा या रचनेचा फार मोठा व्यावहारिक लाभ आहे.

दुसरी जात दिसावयास पहिलीसारखीच, पण अंगाने बारीक. कानामागे लहान डबी, तिच्यातून निघालेली केसाहून थोडी जाड तार आणि तारेच्या टोकाला एक इवलीशी कुपी, जिच्यावर मऊ रबरी टोपी, म्हणजे डोम, बसविलेला असतो. येथे मायक्रोफोन आणि सेल कानामागे आहेत, परंतु रिसिव्हर मात्र कानाच्या नळीत गेला आहे. याच्याशी हुबेहूब साम्य असणारी तिसरी जात आहे ती बारीक नळीच्या यंत्राची. तिच्यात तारेऐवजी पोकळ नळी असते आणि रिसिव्हर डबीतच राहतो. दोहोंत भेद करण्याची सोपी रीत अशी की, टोकावरची रबरी टोपी अलगद काढून पाहावी: आत टणक कुपी आणि तिच्या तोंडाशी बारीक जाळी दिसली तर रिसिव्हर कानात जाणारे यंत्र, आत केवळ नळीचे उघडे भोक दिसले तर बारीक नळीचे. हा भेद किरकोळ वाटला तरी दुरुस्तीच्या वेळी फार मोलाचा ठरतो. नळी तुंबली तर बारीक तार घालून ती घरीच साफ करता येते. कुपीत मळ किंवा पाणी गेले तर मात्र तो रिसिव्हरच बदलावा लागतो आणि त्याचा खर्च वेगळा येतो.

चौथी जात संपूर्णपणे कानातल्या यंत्रांची. मायक्रोफोन, रिसिव्हर, सेल सर्व एकाच कवचात, आणि ते कवच त्या एकाच कानाच्या मापावर घडविलेले. एकाचे दुसऱ्याला तर बसत नाहीच, पण उजव्याचे डाव्यालाही बसत नाही. यांतही पायऱ्या आहेत: बाहेरच्या कानाची सगळी वाटी भरून टाकणारे मोठे कवच, वाटीचा खालचा निम्मा भाग व्यापणारे मध्यम कवच, नळीच्या तोंडाशी बसणारे छोटे, आणि नळीच्या आत पूर्णपणे उतरून जाणारे अगदी सूक्ष्म, ज्याच्या टोकाला ते बाहेर ओढण्यासाठी पारदर्शक दोरीसारखा धागा ठेवलेला असतो. यंत्रावर अथवा साच्यावर लाल खूण असेल तर ते उजव्या कानाचे, निळी असेल तर डाव्या कानाचे, ही खूण सर्व जातींना सारखीच लागू आहे.

खिशात ठेवावयाची पेटी आणि तिच्यापासून कानापर्यंत आलेली दोरीसारखी वायर ही जुनी जातही काही घरांत अद्याप सापडते. तिच्यात मायक्रोफोन छातीवर असतो. त्यामुळे कापड घासल्याचा आवाज बोलण्यापेक्षा मोठा ऐकू येतो. परंतु तिची बटणे मोठी असल्यामुळे, बोटे थरथरणाऱ्या अतिवृद्धांना ती अजूनही सोयीची वाटते, हे मान्य केले पाहिजे.

आठवडी बाजारात किंवा फोनवरून मागवून मिळणारी एकाच मापाची, कानात खुपसावयाची स्वस्त यंत्रे यांत मोडत नाहीत. ती सर्व आवाज सरसकट वाढवितात. माणसाच्या कानाचा कोणता स्वर कमी झाला आहे याचा त्यांना पत्ता नसतो, आणि मोठा आवाज कोठे अडवावयाचा याची मर्यादाही त्यांत बहुधा त्या माणसाच्या तपासणीवरून ठरविलेली नसते. यंत्र देणाऱ्याने श्रवणचाचणीचा कागद न मागता, संगणकाला जोडून बेतल्याशिवाय यंत्र हातावर ठेवले, तर ते श्रवणयंत्र म्हणून घेऊ नये.

लहान यंत्राची मर्यादा कोठून येते

लहान यंत्र आणि मोठे यंत्र यांतील फरक केवळ दिसण्याचा असता तर लहान यंत्रच सर्वांनी घ्यावे असे सांगण्यास कोणतीच हरकत नव्हती. परंतु मायक्रोफोन आणि रिसिव्हर जितके जवळ येतात, तितका रिसिव्हरमधून निघालेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरण्याचा संभव वाढतो, आणि मग यंत्र शिट्टी मारू लागते. आजची डिजिटल यंत्रे ही शिट्टी बऱ्याच अंशी दाबून टाकतात, तथापि ज्याला आवाज खूपच वाढवून हवा आहे त्याच्या बाबतीत अंतर हाच अखेरचा उपाय उरतो. म्हणूनच नळीत पूर्ण उतरणारी यंत्रे सौम्य ते मध्यम बधिरतेपर्यंतच पुरी पडतात, मोठ्या कवचाची कानातली यंत्रे त्याहून पुढे जातात, आणि तीव्र व अतितीव्र बधिरतेसाठी कानामागचे यंत्र व घट्ट बसणारा साचा यांना आजही पर्याय नाही.

दुसरी मर्यादा सेलची. बटणासारखे जे सेल या यंत्रांत घालतात त्यांची मापे रंगांवरून ओळखली जातात: पिवळ्या पट्टीचा 10 क्रमांकाचा सर्वांत लहान, तपकिरी पट्टीचा 312, नारिंगी पट्टीचा 13 आणि निळ्या पट्टीचा 675 सर्वांत मोठा. सूक्ष्म यंत्रातील 10 क्रमांकाचा सेल आठवडाभरही पुरत नाही असा अनुभव सामान्य आहे, तर कानामागच्या यंत्रातील 13 किंवा 675 एक ते दोन आठवडे, कधी त्याहून अधिक, चालतो. हे सेल हवेतील प्राणवायूवर चालतात. पट्टी काढली की त्यांचे आयुष्य सुरू होते, मग यंत्र वापरा अथवा न वापरा. पट्टी काढल्यावर सेल लगेच न बसविता काही मिनिटे मोकळ्या हवेत ठेवावा, म्हणजे तो पूर्ण शक्तीने चालतो. आणि काढलेली पट्टी पुन्हा चिकटवून सेल वाचत नाही. एटापल्लीहून आलापल्ली, आष्टी करत गडचिरोलीला जावयाचे तर शंभर किलोमीटरांहून अधिक प्रवास, आणि पावसाळ्यात भामरागडच्या बाजूला पर्लकोटेसारख्या नद्या रस्ता अडवतात. अशा मुलखात दर चार-पाच दिवसांनी सेल लागणारे यंत्र घेणे म्हणजे निम्मे वर्ष बंद यंत्र जवळ बाळगणे होय. चार्जिंगची यंत्रेही आता मिळतात, परंतु ज्या पाड्यावर वीज रात्रीची हमखास नसते तेथे त्यांचाही विचार याच कसोटीवर करावा.

तिसरी मर्यादा बोटांची आणि डोळ्यांची. सत्तरीच्या माणसाला तांदळाच्या चार दाण्यांएवढ्या खणात सेल बसवावयास सांगणे, तेही मोतीबिंदू असताना, हे व्यवहार्य नाही. यंत्र घेण्यापूर्वी दुकानात किंवा रुग्णालयात वापरणाऱ्याने स्वतः, कोणाच्या मदतीशिवाय, ते कानात बसवून, काढून, सेल बदलून दाखवावे. तीन प्रयत्नांत जमले नाही तर ते यंत्र त्याच्यासाठी नाही, मग ते कितीही सुंदर असो.

आधी कानाची नळी पाहावी

या मुलखात एक बाब विशेष ध्यानात घ्यावी लागते, ती म्हणजे वाहता कान. लहानपणी सर्दीनंतर कानाच्या पडद्याला भोक पडते, त्यातून वर्षानुवर्षे अधूनमधून पू येत राहतो, आणि तिकडे दुर्लक्ष झाल्यास ऐकणे हळूहळू कमी होते. अशा कानाच्या नळीत कानातले यंत्र बसविणे म्हणजे जखमेला झाकण लावणे होय: हवा खेळत नाही, ओल साठते, पू वाढतो, आणि त्याच ओलीने यंत्रातील रिसिव्हरही बंद पडतो. याचा अर्थ वाहत्या कानाला यंत्रच नको असा नव्हे. प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून कान कोरडा करून घ्यावा, पडद्याच्या शस्त्रक्रियेने ऐकणे सुधारेल काय याची विचारणा करावी, आणि यंत्राचीच गरज राहिली तर हवेसाठी भोक ठेवलेल्या साच्याचे कानामागचे यंत्र घ्यावे, जे पू आला तर काढून ठेवता येते आणि ज्याचा साचा धुता येतो. साचाही सोसत नसेल तर कानामागच्या हाडावरून आवाज पोचविणाऱ्या यंत्राचा मार्ग आहे. तो श्रवणतज्ज्ञ सुचवील.

पिवळा, घट्ट मळ फार येणाऱ्या कानांचेही तसेच. कानातल्या यंत्राच्या तोंडाशी मळ अडविणारी पांढरी गाळणी असते. ती तुंबली की यंत्र अचानक मुके झाल्यासारखे वाटते आणि लोक ते बिघडले समजून दुरुस्तीला पाठवितात. गाळणी बदलण्याची काडी यंत्राबरोबरच मिळते, तिचा उपयोग पहिल्याच दिवशी शिकून घ्यावा.

लहान मुलांच्या बाबतीत प्रश्नच उरत नाही. मुलाचा कान वाढतो, कानातले यंत्र मात्र वाढत नाही. साचा काही महिन्यांनी नवा करता येतो, यंत्र तेच राहते. म्हणून मुलांना कानामागचे, साच्याचेच यंत्र बसवितात. साचा सैल झाल्याची खूण सोपी आहे: पूर्वी न होणारी शिट्टी मूल मान हलविताच होऊ लागते.

मोठ्यांच्या साच्याचे किंवा कानातल्या यंत्राचे माप घेताना काय होते हे एकदा पाहून ठेवण्यासारखे आहे, कारण त्या पाच-सात मिनिटांवर पुढचे सर्व अवलंबून असते. तज्ज्ञ प्रथम दिव्याने नळीत पाहतो. मळ किंवा पू दिसला तर माप घेत नाही, आणि पडद्याला भोक दिसले तर डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय घेत नाही. मग धागा बांधलेला कापसाचा किंवा फोमचा छोटा बोळा नळीत सरकवितो, धाग्याचे टोक बाहेर ठेवितो, आणि पिचकारीने मऊ सिलिकॉन भरतो. ते घट्ट झाले की कानाच्या आतल्या प्रत्येक वळणासह अख्खा ठसा बाहेर येतो. बोळा न घालता माप घेणाऱ्यास वाचकाने निःसंकोच थांबवावे, कारण सिलिकॉन पडद्यापर्यंत जाऊन चिकटले तर ते काढणे शस्त्रक्रियेचे काम होते.

एका उदाहरणाचा विचार

आता प्रत्यक्ष निर्णय कसा होतो हे पाहण्यासाठी एक काल्पनिक पण या परिसरात सहज संभवणारे उदाहरण घेऊ. बावन्न वर्षांचा एक इसम, अनेक वर्षे अवजड वाहन चालविलेला, आता खाणीवर. तक्रार एकच: “ऐकू येतं, पण काय बोलले ते समजत नाही, पोरीचं आणि बायकोचं तर अजिबातच नाही.” घरातले लोक म्हणतात, टीव्ही फार मोठा लावतो. कान कोरडे, पडदे शाबूत.

श्रवणचाचणीच्या कागदावर उजव्या-डाव्या दोन्ही कानांचे आकडे जवळजवळ सारखे: 500 हर्ट्‌झ या जाड स्वराला 25 डेसिबल, 1000 ला 30, 2000 ला 50 आणि 4000 हर्ट्‌झच्या बारीक स्वराला 70. पहिल्या तिहींची सरासरी काढली तर ती 35 येते, आणि 35 म्हणजे सौम्य बधिरता असे म्हणून पुष्कळ जण येथेच कागद बाजूला ठेवतात. परंतु चौथा आकडा धरून सरासरी केली तर ती 44 च्या जवळ जाते, आणि खरे दुखणे त्या चौथ्या आकड्यातच आहे. मोठ्या आवाजाने आतल्या कानातील पेशी प्रथम 3000 ते 6000 हर्ट्‌झच्या टापूत मरतात. अ, आ यांसारख्या स्वरांचा जोर जाड आवाजात असतो, तो त्याला ऐकू येतो. स, श, ट, क यांसारख्या व्यंजनांची ओळख बारीक आवाजात असते, ती त्याला मिळत नाही. बोलणे कानी पडते आणि शब्द निसटतो तो यामुळे. आणि बायका-मुलांचा आवाज बारीक असल्यामुळे तेथे अडचण अधिक.

अशा माणसाने कानात पूर्ण उतरणारे यंत्र मागितले तर? नळी बंद होईल. जाड स्वर त्याला चांगले ऐकू येत असल्यामुळे स्वतःचे बोलणे, चावणे, चालण्याची धप्पधप्प हे सर्व डोक्यात घुमू लागेल, आणि महिन्याभरात यंत्र पेटीत जाईल. त्याला हवे ते असे यंत्र, जे जाड आवाज नैसर्गिक वाटेने आत येऊ देईल आणि केवळ बारीक आवाज वाढवील. म्हणजेच कानामागची लहान डबी आणि नळीत छिद्रांची रबरी टोपी. मायक्रोफोन कानामागे असल्याने 4000 हर्ट्‌झवर जेवढी वाढ हवी आहे तेवढी शिट्टीविना बऱ्याच अंशी देता येते. आता रिसिव्हर नळीत जाणारे घ्यावे की बारीक नळीचे, एवढाच प्रश्न उरतो. घाम, धूळ आणि पावसाळ्यातील दमट हवा यांचा विचार करता, बारीक नळीच्या यंत्राने त्याचे काम भागत असेल तर ते अधिक टिकाऊ, आणि तज्ज्ञाच्या मते बारीक स्वरांना आणखी जोर लागत असेल तर रिसिव्हर नळीत जाणारे, सोबत एक जादा रिसिव्हर घेऊन. दोन्ही कान सारखे असल्याने यंत्रे दोन घ्यावीत. आवाज कोणत्या बाजूने आला हे एका कानाने समजत नाही, आणि वाहनांच्या वर्दळीत ते समजणे प्राणरक्षणाचे आहे.

या इसमाला एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. खाणीत काम करताना श्रवणयंत्र हे कानाचे संरक्षण नव्हे, आणि ते बंद करून कानात ठेवले तरी संरक्षण होत नाही. छिद्रांच्या टोपीतून सगळा आवाज आत जातो. आठ तासांच्या कामात 85 डेसिबल ओलांडला की कान धोक्यात येतात, आणि ही पातळी ओळखण्याची खेड्यातली खूण म्हणजे हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागणे. तेथे यंत्र काढून कोरड्या डबीत ठेवावे, इअरमफ लावावा, आणि पाळी संपल्यावर अंघोळ करून, कान पुसून, केस वाळल्यावर यंत्र चढवावे.

सरकारी मदत कोठे मिळते

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याप्रमाणे, दोन्ही कानांत बोलण्याच्या स्वरांवर 60 ते 70 डेसिबल श्रवणहानी असल्यास ती व्यक्ती श्रवणक्षीण आणि 70 असल्यास कर्णबधिर मानली जाते. वर सांगितलेल्या इसमाची सरासरी त्याखाली असल्यामुळे त्याला हा दाखला मिळणार नाही, आणि यंत्राचा खर्च त्याला स्वतःच किंवा नोकरीच्या ठिकाणाहून उभा करावा लागेल. ज्यांची हानी या मर्यादेत बसते त्यांनी जिल्हा रुग्णालयातून तपासणी करून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र काढून घ्यावे. केंद्र सरकारच्या 1981 पासून चालू असलेल्या साहाय्यक उपकरणांच्या योजनेतून, जिला ॲडिप म्हणतात, उत्पन्नाच्या अटीवर यंत्र मिळते. 65 वर्षे पूर्ण केलेल्या आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या ज्येष्ठांना राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून 3000 रुपये थेट खात्यात येतात आणि त्यांतून श्रवणयंत्रही घेता येते. ॲडिपच्या शिबिरात मिळणारे यंत्र बहुधा कानामागचेच असते. ते दिसते म्हणून नाकारू नये. मात्र शिबिरात यंत्राबरोबर तयार मापाची टोपी दिली असेल तर, तीव्र बधिरता असणाऱ्याने नंतर आपल्या कानाचा साचा करून घेतल्याशिवाय यंत्राचा निकाल ठरवू नये, कारण सैल टोपीतून बराच आवाज बाहेर जातो आणि दोष मात्र यंत्राला लागतो.

घरी तपासण्याच्या रीती

यंत्र चालू आहे की नाही हे कळावयास ते चालू करून मुठीत बंद करावे. शिट्टी आली तर सेल आणि यंत्र जिवंत आहेत. शिट्टीच आली नाही आणि कानातही काही ऐकू येत नसेल तर सेल संपला असेल किंवा नळी, साचा अथवा गाळणी तुंबली असेल. साच्याच्या नळीत पाण्याचे थेंब दिसले तर साचा सुटा करून रबरी फुग्याने फुंकर मारावी. तोंडाने फुंकू नये, कारण त्यात ओल जाते. नळी कालांतराने पिवळी व कडक होते, म्हणून ती तीन ते सहा महिन्यांनी बदलावी. रात्री सेलचा खण उघडा ठेवून यंत्र सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. जुलै-ऑगस्टच्या दमटपणात ही एक सवय यंत्राचे आयुष्य वाढविते. फोनवर बोलताना कानामागच्या यंत्राला फोन कानाच्या वरच्या बाजूला, मायक्रोफोनजवळ, धरावा; कानातल्या यंत्राला नेहमीप्रमाणे.

ऐकणे खरोखर सुधारले आहे काय हे पाहण्यासाठी सहा आवाजांची एक चाचणी जगभर वापरतात: आ, ई, ऊ, म, स, श. घरातल्या कोणी पाठीमागे, दोन हातांच्या अंतरावर उभे राहून, ओठ दिसणार नाहीत अशा रीतीने, साध्या आवाजात हे एकेक म्हणावे, आणि यंत्र घातलेल्याने तेच म्हणून दाखवावे. या आवाजांना कोणतीच भाषा लागत नाही; मराठी न येणाऱ्या, केवळ माडिया बोलणाऱ्या आजीलाही ही चाचणी लागू पडते, तर तज्ज्ञाकडची शब्दांची मराठी यादी तिच्यावर अन्याय करू शकते. ‘स’ आणि ‘श’ ऐकू येत नसतील तर यंत्र पुन्हा बेतून घ्यावे लागेल. ‘ऊ’ आणि ‘म’ नसतील तर साचा सैल आहे किंवा टोपी फारच मोकळी आहे. हा निकाल कागदावर लिहून तज्ज्ञाकडे न्यावा; “नीट ऐकू येत नाही” या तक्रारीपेक्षा त्याचा उपयोग फार होतो. पहिले दोन-चार आठवडे भांड्यांचा आवाज, कागदाची सळसळ फार कर्कश वाटेल. ती यंत्राची खोड नसून बरीच वर्षे न ऐकलेल्या आवाजांची नवी ओळख असते. परंतु एखादा आवाज दुखावणारा वाटत असेल तर तेही सांगावे, कारण मोठ्या आवाजाची मर्यादा कमी करता येते.

काही लक्षणांत मात्र यंत्राचा विचार बाजूला ठेवून तातडीने डॉक्टरकडे जावे: एका दिवसात किंवा काही दिवसांत अचानक गेलेले ऐकणे, एकाच कानात सतत येणारा आवाज, चक्कर, कानातून रक्त किंवा दुर्गंधीयुक्त पू. अचानक गेलेल्या श्रवणावर उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितका लाभ. तेथे आठवडे घालविणे परवडत नाही.

सारांश असा की, सूरजागडच्या परिसरात, जेथे ओल, धूळ, घाम आणि वाहते कान या चारही गोष्टी एकत्र नांदतात आणि दुरुस्ती लांब आहे, तेथे कानामागचे यंत्र हा नियम आणि कानातले हा अपवाद मानावा. कानातले यंत्र त्यानेच घ्यावे ज्याचा कान कोरडा आहे, नळी रुंद आहे, बधिरता मध्यमच्या पुढे गेलेली नाही, बोटे स्थिर आहेत आणि सेल वेळेवर मिळण्याची सोय आहे. यंत्र घेण्यापूर्वी श्रवणचाचणीच्या कागदाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला एवढेच विचारा: या कागदातील कोणत्या आकड्यासाठी तुम्ही मला ही जात देत आहात? उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका.